स्ट्रोक आणि ब्लड प्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी तपासायला आलेले लोक, त्यांचे नातेवाईक आणि सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी हे तिघेही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यातले बरेचसे प्रश्न "मला स्ट्रोक होईल का?" इथून निघतात. उत्तर शोधताना मात्र "एवढ्या लोकांना स्ट्रोक का होतो?" हा वेगळाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. या दोन प्रश्नांमधला फरक लक्षात आला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

स्ट्रोक म्हणजे नेमकं काय? सगळे स्ट्रोक एकाच प्रकारचे असतात का?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटला आणि तो भाग निकामी झाला, की त्याला स्ट्रोक म्हणतात. हातपाय लुळे पडले तर आपण पक्षाघात किंवा लकवा म्हणतो. पण स्ट्रोकमध्ये नुसतं बोलणं जाऊ शकतं, नुसती नजर जाऊ शकते, किंवा तोल जाऊ शकतो.

रक्तपुरवठा दोन तऱ्हांनी तुटतो. एक तर रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाहीतर ती फुटते. जगभरच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये नव्याने झालेल्या स्ट्रोकपैकी साधारण ६५ टक्के गुठळीचे होते. सुमारे २९ टक्के मेंदूच्या आत रक्तस्राव झाल्यामुळे होते आणि उरलेले मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यामुळे. फुटण्याचा प्रकार संख्येने कमी असला तरी जास्त जीवघेणा आहे, आणि बीपीशी त्याचं नातं सगळ्यात घट्ट आहे.

स्ट्रोकचं प्रमाण वाढतंय की कमी होतंय? दोन्ही बातम्या वाचायला मिळतात.

दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. २०२१ मध्ये जगात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने स्ट्रोक झाला आणि सुमारे ७३ लाख लोक त्याने दगावले. १९९० च्या तुलनेत हे आकडे बरेच मोठे आहेत. पण या काळात माणसं वाढली आणि म्हातारी माणसं त्याहून जास्त वाढली. वयाच्या पंचावन्नीनंतर दर दहा वर्षांनी स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट होतो, त्यामुळे नुसत्या वयाच्या वाढीनेच रुग्ण वाढतात.

वयाचा हा परिणाम गणिताने बाजूला काढला, म्हणजे ठरावीक वयाच्या माणसाचा धोका तेव्हा किती होता आणि आता किती आहे असं पाहिलं, तर तो घटलेला दिसतो. रुग्णालयात खाटा किती लागतील हे पहिल्या आकड्यावरून कळतं. प्रतिबंध जमतोय की नाही हे दुसऱ्यावरून कळतं. बातमीत कुठला आकडा दिलाय हे सहसा लिहिलेलं नसतं, गोंधळ तिथेच होतो.

बदलता येण्यासारखी कारणं कोणती? आणि त्यांच्या टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर कशी जाते?

वय, लिंग आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत. बीपी, तंबाखू, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, बसून राहणं, दारू, आहार, हवेचं प्रदूषण आणि हृदयाचे अनियमित ठोके ही कारणं कमी-अधिक बदलता येतात. अनियमित ठोक्यांचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट करतो. पण तो ओळखून रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं तर धोक्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग टळतो. म्हणून नाडी बोटांनी तपासण्याची जुनी सवय सोडू नये.

३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात दहा कारणं मिळून सुमारे ९० टक्के स्ट्रोकचा हिशेब लागला, आणि एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास निघाला. सगळ्या कारणांचे वाटे सुटे सुटे मिळवले तर मात्र बेरीज शंभराच्या पुढे जाते. ही छपाईची चूक नव्हे. एकच स्ट्रोक दोन-तीन कारणांनी मिळून घडतो. सिगारेट ओढणाऱ्या आणि बीपी जास्त असलेल्या माणसाचा स्ट्रोक सिगारेट सुटली असती तरी टळला असता आणि बीपी उतरलं असतं तरी टळला असता. त्यामुळे तो दोन्ही खात्यांत मोजला जातो.

या सगळ्यात बीपीलाच एवढं महत्त्व का?

मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमनीतून केसाएवढ्या बारीक फांद्या जवळजवळ काटकोनात फुटून खोलवर जातात. इतरत्र मोठी वाहिनी हळूहळू लहान होत जाते आणि दाबही टप्प्याटप्प्याने उतरतो. इथे मात्र मोठ्या नळीचा दाब थेट बारीक नळीवर येतो. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की या फांद्यांची भिंत जाड आणि ठिसूळ होते. ती आतून बुजली तर मेंदूत छोटासा खड्डा पडतो, फुटली तर रक्तस्राव होतो. म्हणजे एकाच आजारी वाहिनीतून दोन्ही प्रकारचे स्ट्रोक संभवतात. शिवाय मानेतल्या धमनीत चरबीचे थर साचायला आणि हृदयाचा डावा कप्पा ताणला जाऊन ठोके बिघडायलाही वाढलेलं बीपी हातभार लावतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं उदाहरण वैद्यकात वारंवार दिलं जातं. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा त्यांचं बीपी १८६/१०८ होतं. त्या काळात परिणामकारक गोळ्या नव्हत्या. मीठ कमी करणं, विश्रांती आणि हृदयाचं एक औषध, एवढंच हाताशी होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं भयंकर दुखतंय असं म्हणून ते कोसळले. तेव्हा बीपी ३००/१९० नोंदवलं गेलं आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. आज तेच १८६ साध्या, स्वस्त गोळ्यांनी उतरवता येतं.

माझं बीपी १४० च्या खाली आहे. म्हणजे मी सुरक्षित ना?

१४० ही उपचार कधी सुरू करायचे हे ठरवण्यासाठी माणसांनी आखलेली रेघ आहे. धमनीला ती माहीत नाही. २००२ साली ६१ अभ्यासांतल्या १० लाख प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ४० ते ६९ या वयात वरचं बीपी दर २० ने वाढलं की स्ट्रोकने मरण्याचा धोका दुप्पट होतो असं दिसलं. आणि ही चढण १४० पाशी सुरू होत नाही, ती ११५ पासूनच सुरू होते. १३५ वाल्याचा धोका ११५ वाल्याच्या दुप्पट असतो, जरी दोघांच्याही कागदावर "नॉर्मल" लिहिलेलं असलं तरी.

यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण मुळात छोटा असलेला धोका दुप्पट झाला तरी छोटाच राहतो. पण हा छोटा धोका लाखो लोकांच्या वाट्याला आला की काय होतं, ते पुढच्या प्रश्नात दिसतं.

मग सगळ्यात जास्त स्ट्रोक कुणाला होतात? खूप जास्त बीपी असणाऱ्यांनाच ना?

नाही. हे पटण्यासाठी एक काल्पनिक वस्ती घेऊ आणि हिशेब मांडू. पन्नाशीतली १०,००० माणसं आहेत आणि अजून कुणावरही उपचार सुरू नाहीत. १,५०० जणांचं वरचं बीपी ११० च्या आसपास आहे, ५,००० जणांचं १३० च्या, २,८०० जणांचं १५० च्या आणि ७०० जणांचं १७० च्या. दहा वर्षांत स्ट्रोक होण्याचा धोका ११० ला १ टक्का धरू. दर २० ला दुप्पट या नियमाने तो १३० ला २, १५० ला ४ आणि १७० ला ८ टक्के होतो.

आता स्ट्रोक मोजू. ११० च्या गटात १५, १३० च्या गटात १००, १५० च्या गटात ११२ आणि १७० च्या गटात ५६. एकूण २८३.

ज्यांच्याकडे पाहून आपण "याला कधीही लकवा मारेल" म्हणतो, त्या १७० वाल्यांच्या वाट्याला २८३ पैकी ५६ आले, म्हणजे पाचातला एक. "नॉर्मल" म्हणून घरी पाठवलेल्यांना मिळून ११५ स्ट्रोक झाले, म्हणजे दर दहांत चार. त्यांचा प्रत्येकाचा धोका कमीच होता, पण डोकी जास्त होती. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात हीच गोष्ट ठासून मांडली: थोडा धोका असलेली पुष्कळ माणसं मोठा धोका असलेल्या थोड्या माणसांपेक्षा जास्त रुग्ण देतात.

तरीही जास्त बीपी असलेल्यांनाच गाठून उपचार केले तर पुरेसं होणार नाही का?

त्याच वस्तीत करून पाहू. १७० वाले सगळेच्या सगळे ७०० सापडले आणि प्रत्येकाचं बीपी २० ने उतरलं, तर त्यांचे ५६ स्ट्रोक निम्मे होतील. २८ वाचतील. माणशी पाहिलं तर हा उत्तम सौदा आहे, कारण दर २५ जणांमागे एकाचा स्ट्रोक टळतो.

आता दुसरा मार्ग. कुणालाही शोधायचं नाही, पण अख्ख्या वस्तीचं बीपी सरासरी ४ ने खाली आणायचं. ४ ने धोका साधारण १३ टक्क्यांनी घटतो. २८३ चे १३ टक्के म्हणजे सुमारे ३७ स्ट्रोक. डॉक्टरच्या दृष्टीने नगण्य असलेली ४ ची घट ७०० जणांवरच्या जोरदार उपचारांपेक्षा जास्त स्ट्रोक टाळून गेली.

यातली गोम अशी की १३० वाल्या एकट्या माणसाला यातून जवळपास काहीच मिळत नाही. त्याचा दहा वर्षांचा धोका २ टक्क्यांवरून १.७४ वर आला, इतकंच. दर ३८५ जणांमागे एकाला फायदा झाला, आणि तो कोण हे कधीच कळणार नाही. रोझ यांनी याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटलं होतं. "तुमच्यासाठी हे करा" असं सांगून लोकांना हे पटवणं अवघड जातं, आणि तसं सांगणं पुरतं खरंही नाही.

माझ्या मते दोन्हींपैकी एक निवडायचा आग्रहच चुकीचा आहे. दोन्ही मार्ग वेगवेगळ्या स्ट्रोकपर्यंत पोचतात.

सगळ्यांचं बीपी ४ ने खाली आणायचं कसं? गोळ्या पाण्यात मिसळायच्या का?

गोळ्या नाही, पण जवळपास तसंच काहीतरी मिठात करता येतं. चीनच्या ग्रामीण भागातल्या ६०० गावांत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सुमारे २१,००० लोक होते. कुणाला आधी स्ट्रोक होऊन गेला होता, तर कुणी साठीच्या पुढचे आणि जास्त बीपीचे होते. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ चालू राहिलं. उरलेल्या निम्म्यांत त्यातला चौथा हिस्सा सोडियमऐवजी पोटॅशियमचा होता. वरचं बीपी सरासरी ३.३ ने उतरलं आणि जवळपास पाच वर्षांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. वरच्या हिशेबाशी हे चांगलं जुळतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर हे मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. मीठ बरंचसं तयार पदार्थांतून येत असेल, तर घरातली मिठाची बरणी लपवून फार काही होत नाही. तिथे कारखान्यातलं प्रमाण उतरवणं हाच खरा उपाय ठरतो.

गोळ्यांनी खरंच स्ट्रोक टळतो का, की नुसता आकडा सुधारतो?

टळतो, आणि याचे पुरावे वैद्यकातल्या भक्कम पुराव्यांपैकी आहेत. अमेरिकेतल्या शेप चाचणीत (१९९१) साठीच्या पुढच्या ४,७३६ लोकांचं फक्त वरचं बीपी जास्त होतं. एका साध्या लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून सुरुवात केली आणि पाच वर्षांतले स्ट्रोक ८.२ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आले. "वय झालं की वरचं बीपी वाढणारच" हा समज या चाचणीने मोडला.

सौम्य बीपीत मात्र चित्र वेगळं दिसतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत (१९८५) १७,३५४ लोक होते. नकली गोळी घेणाऱ्यांत १०९ स्ट्रोक झाले आणि खरी गोळी घेणाऱ्यांत ६०. जवळपास निम्मे, पण संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा एक स्ट्रोक टाळायला ८५० जणांना वर्षभर गोळी द्यावी लागते असं निघालं. दोन्ही वाक्यं एकाच चाचणीबद्दल आहेत. कंपनीच्या जाहिरातीत पहिलं येतं, गोळीला कंटाळलेल्या माणसाच्या मनात दुसरं.

औषधं स्वस्त आहेत, परिणामकारक आहेत. मग घोडं अडतं कुठे?

वाटेत गळती होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी साधारण ५४ टक्क्यांनाच तो असल्याचं माहीत होतं. ४२ टक्क्यांवर उपचार चालू होते आणि जेमतेम २१ टक्क्यांचा आटोक्यात होता. हे प्रमाण आपल्या वस्तीला लावू. १५० आणि १७० मिळून ३,५०० जण होते. त्यातल्या १,८९० जणांना आजार माहीत, १,४७० गोळ्या घेतात, ७३५ जणांचा आटोक्यात. या ३,५०० जणांना १६८ स्ट्रोक होणार होते. सगळ्यांचं बीपी २० ने उतरलं असतं तर ८४ टळले असते. प्रत्यक्षात १८ च्या आसपास टळतात. नियंत्रण २१ वरून ५० टक्क्यांवर नेलं तर ४२ टळतील. त्यासाठी नव्या औषधाचा शोध लागायला नको.

गळतीचा शेवटचा टप्पा मला सगळ्यात त्रासदायक वाटतो. माणूस गोळी घेतोय, तपासायला येतोय, बीपी १५२ आहे, आणि कागदावर "तेच चालू ठेवा" लिहिलं जातं. पुढच्या खेपेला १५४. पुन्हा तेच. इथे हलगर्जीपणा रुग्णाचा नसतो. एका गोळीने भागत नाही तेव्हा दुसरी जोडावी लागते, आणि बहुतेकांना शेवटी दोन किंवा जास्त औषधं लागतात हे आधीच धरून चालायला हवं. दुसरी नेहमीची गळती घरी होते: "आता नॉर्मल आलंय, गोळी बंद केली." नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

बीपी मोजण्यात चूक होते हे कसं ओळखायचं?

एका तपासणी शिबिराची वही चाळताना माझ्या लक्षात आलं होतं की पानभर नोंदींत जवळपास प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य आहे. १३०/८०, १४०/९०, १२०/८०. हाताने मोजायच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात, त्यामुळे खऱ्या मोजणीत सगळे सम अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. शून्यांची अशी रांग दिसली की मोजणाऱ्याने अंदाजाने गोल आकडा लिहिलाय हे नक्की. १३८ चे १४० झाले की धडधाकट माणूस रुग्ण होतो, १४४ चे १४० झाले की उपचाराची गरज कमी भासते.

इतर चुका साध्याच असतात. हात लटकता ठेवला आणि पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली असला तर आकडा ७-८ ने जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी जास्त येतो. बोलताना, लघवी तुंबलेली असताना, जिना चढून आल्या आल्याही तेच. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, गप्प बसावं. हात टेबलावर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं. एकाच दिवसाच्या एकाच मोजणीवर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये, अर्थात आकडा फारच वर असेल किंवा त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी.

बीपी जितकं खाली तितकं चांगलं का? वयस्करांचं काय?

ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ लोकांवरची हायव्हेट चाचणी (२००८) उपचार घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवली गेली. त्यामुळे नुसत्या वयावरून उपचार नाकारणं बरोबर नाही. पण त्या चाचणीतले लोक त्यांच्या वयाच्या मानाने ठणठणीत होते आणि लक्ष्य १५०/८० होतं. उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या, पडणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला तोच हिशेब लावता येत नाही. अशांचं बीपी बसून आणि मग उभं करूनही मोजावं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने रक्तातलं सोडियम उतरून माणूस असंबद्ध बोलू लागतो, हेही वयस्करांत दिसतं आणि घरच्यांना ते म्हातारपण वाटतं.

स्ट्रोक होत असताना बीपी खूप वाढलेलं दिसलं तर घरी गोळी द्यावी का?

देऊ नये, जिभेखाली तर नाहीच. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये आसपासचा मेंदू कसाबसा त्या वाढलेल्या दाबावर तग धरून असतो. दाब एकदम पडला तर तोही जातो. शिवाय गिळणं बिघडलेलं असेल तर गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्या आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या.

बीपी आटोक्यात आणलं तर फायदा दिसायला किती वर्षं लागतात?

अनेकांना वाटतं की वीस वर्षांत खराब झालेल्या धमन्या सुधारायला वीस वर्षं तरी लागतील. १९९० साली तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा उत्तर सुखद निघालं. खालचं बीपी ५-६ ने कमी असलेल्या माणसांत दीर्घकालीन निरीक्षणांनुसार स्ट्रोक ३५ ते ४० टक्क्यांनी कमी असतात. गोळ्यांनी तेवढंच बीपी उतरवलं तर साधारण पाच वर्षांत स्ट्रोक ४२ टक्क्यांनी घटले. म्हणजे जन्मभर बीपी कमी असणाऱ्याला जो फायदा मिळतो, तो स्ट्रोकच्या बाबतीत उशिरा सुरुवात करणाऱ्यालाही काही वर्षांत जवळजवळ पुरता मिळतो. हृदयविकाराच्या झटक्यांत तेव्हा अपेक्षित २०-२५ टक्क्यांऐवजी १४ टक्केच घट दिसली होती. गोळी बंद केली तर बीपी काही दिवसांत ते आठवड्यांत पुन्हा चढतं, आणि धोका त्याच्या मागोमाग येतो.